बोटातले रक्त की शिरेतले? प्रबंधातल्या एका वाक्याची दुरुस्ती

‘सर्व मुलींचे हिमोग्लोबिन प्रमाणित पद्धतीने तपासण्यात आले व जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार रक्तक्षयाचे निदान करण्यात आले.’

वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंधांमध्ये ‘साहित्य आणि पद्धती’ नावाचे एक प्रकरण असते. मूळ इंग्रजीत असलेले हे वाक्य थोड्याफार फरकाने त्यात वारंवार भेटते. वाचताना ते कुठे अडत नाही. परीक्षकही बहुधा पान उलटून पुढच्या तक्त्यांकडे वळतात. पण याच अभ्यासाची पुनरावृत्ती गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये करायची ठरवली, तर या वाक्यावरून काहीच करता येत नाही. रक्त बोटातून घ्यायचे की शिरेतून? कोणत्या यंत्रावर तपासायचे? निकष कोणत्या वर्षाचे? प्रत्येक ठिकाणी अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक अंदाजागणिक उत्तर बदलते.

उत्तर किती बदलते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील सुमारे ५९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यानंतर लगेचच, २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के निघाले. दोन-तीन वर्षांत देशातल्या मुलांचे रक्त इतके कसे सुधारले? दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट अगदी एक नव्हते, त्यामुळे सगळा फरक एकाच कारणावर टाकता येत नाही. पण मोठा फरक पद्धतीत होता. पहिल्या सर्वेक्षणात बोटाला टोचून आलेला थेंब हातात मावणाऱ्या यंत्रात घातला होता. दुसऱ्यात शिरेतून रक्त काढून ते प्रयोगशाळेत स्वयंचलित यंत्रावर तपासले होते. पुढे यावर बरीच चर्चा झाली, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी वगळली गेली आणि शिरेतल्या रक्तावर आधारलेले वेगळे सर्वेक्षण हाती घेण्यात आले. हा फरक तज्ज्ञांना शोधता आला याचे कारण, दोन्ही सर्वेक्षणांनी रक्त कुठून घेतले आणि कशावर तपासले हे लिहून ठेवले होते. दोन्हीकडे ‘प्रमाणित पद्धतीने’ एवढेच लिहिले असते, तर ५९ आणि ४१ यांवर वाद घालत बसण्यापलीकडे हाती काही लागले नसते.

आता हेच अहिल्यानगर जिल्ह्यात आणून पाहू. पुढचा प्रसंग कल्पनेतला आहे, मात्र त्यातल्या चुका रोजच्या आहेत. जनवैद्यक विषयाच्या एका विद्यार्थिनीने अकोले आणि पाथर्डी या दोन तालुक्यांतल्या १२ ते १९ वर्षांच्या मुलींमधील रक्तक्षयावर प्रबंध लिहिला आहे. अकोले हा सह्याद्रीच्या कुशीतला, कळसूबाईच्या पायथ्याचा तालुका. पाथर्डी हा अवर्षणाचा, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. जिल्हा एकच, पण दोन टोके. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले आहेत. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका पद्धतीच्या प्रकरणाची दोन पाने हातात घेतात आणि स्वतः लाल पेन उचलण्याऐवजी ती दुसऱ्याच विभागातल्या एका सहकाऱ्याकडे पाठवतात. सोबत एकच विनंती करतात: ‘उद्या तुम्हालाच हे काम करायचे आहे असे समजून वाचा. जिथे विचारावेसे वाटेल तिथे प्रश्न लिहा.’

हे परक्या वाचकाकडे पाठवणे महत्त्वाचे आहे. मार्गदर्शकांना अभ्यास पाठ असतो. वाक्यात नसलेली गोष्ट त्यांच्या डोक्यात आपोआप भरून येते, आणि विद्यार्थिनीचे तर विचारूच नका. दोन पानांवर सतरा प्रश्न परत आले. विद्यार्थिनी थोडी हिरमुसली.

‘मॅडम, हे सगळं लिहिलं तर प्रकरण दहा पानांचं होईल.’

‘होऊ दे. पण आधी मला सांग, हे प्रकरण तू कधी लिहिलंस?’

खरी मेख या प्रश्नात होती. प्रबंधाच्या सुरुवातीला विद्यार्थ्याला अभ्यासाचा आराखडा नीतिमत्ता समितीपुढे ठेवावा लागतो. तो भविष्यकाळात असतो: नमुना घेतला जाईल, तपासणी केली जाईल. दीड-दोन वर्षांनी प्रबंध लिहिताना तोच मजकूर उचलला जातो आणि क्रियापदे तेवढी भूतकाळात जातात. ‘जाईल’चे ‘गेले’ होते. मधल्या काळात प्रत्यक्षात काय घडले, ते या मजकुरात उतरतच नाही. या प्रबंधातही आराखड्याप्रमाणे प्रत्येक मुलीचे तीन मिलिलिटर रक्त शिरेतून घ्यायचे होते. अकोल्यात तसे झाले. पाथर्डीत मात्र अनेक पालकांनी सुईला नकार दिला, म्हणून तिथे बोटाला टोचून लहान यंत्रावर तपासणी झाली. क्षेत्रभेटीच्या वहीत हे स्वच्छ लिहिलेले होते. प्रबंधात मात्र दोन्ही तालुक्यांसाठी ‘तीन मिलिलिटर रक्त घेण्यात आले’ असे छापून आले असते.

म्हणजे प्रबंधाचा मुख्य निष्कर्षच अडचणीत आला. पाथर्डीत रक्तक्षय जास्त दिसत होता. तो खरोखर जास्त होता, की तिथे रक्त बोटातले होते म्हणून तसा दिसत होता? कागदावर दोन तालुक्यांची तुलना होती आणि आत दोन पद्धतींची तुलना दडलेली होती. विद्यार्थिनीने हे लपवले नव्हते. जुना मजकूर पुढे आला, एवढेच. सुदैवाने पाथर्डीतल्या काही मुलींचे शिरेतले रक्तही घेतले गेले होते. त्या मुलींच्या दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी ठेवून दोन पद्धतींत सरासरी किती तफावत पडते, हे दाखवणे शक्य होते. ते नवे काम ठरले. त्यामुळे पद्धतीच्या प्रकरणाची दुरुस्ती वहीपासून सुरू करावी लागते. आराखड्याची प्रत तिथे कामाची नाही.

मग बोटाच्या थेंबाकडे वळू. सतरापैकी सर्वांत जास्त प्रश्न इथलेच होते, आणि ते योग्यही होते. बोटातून येणारे रक्त दिसायला साधे, पण लहरी असते. हात गार असेल तर रक्त नीट येत नाही. मग तपासणारी व्यक्ती बोट पिळते, आणि पिळल्यावर रक्ताबरोबर पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रवही बाहेर येतो. थेंब पातळ होतो आणि हिमोग्लोबिन खोटेच कमी दिसते. बोट पुसलेले स्पिरिट वाळायच्या आत टोचले तर तेही थेंबात मिसळते. म्हणून हात कोमट करणे, मधल्या किंवा अनामिका बोटाच्या टोकाला, थोडे बाजूला टोचणे, पहिले एक-दोन थेंब कोरड्या कापसाने टिपून टाकणे आणि पुढचा, आपसूक फुगून आलेला मोठा थेंब घेणे, अशी शिस्त असते. यातली एखादी पायरी गळली तर आकडा हलतो. तरीही प्रबंधात सहसा ‘बोटातून रक्त घेतले’ एवढेच असते.

यंत्राचेही तसेच. ‘डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर’ म्हटल्याने काहीच कळत नाही, कारण बाजारात अनेक आहेत. कंपनीचे नाव आणि मॉडेल लिहावेच लागते. या यंत्रात थेंब घ्यायला प्लॅस्टिकची छोटी चपटी कुपी असते, तिला कुव्हेट म्हणतात. हिमोक्यू २०१ प्लस या बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या यंत्राच्या कुव्हेट १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवायच्या असतात, आणि डबी एकदा उघडली की तीन महिन्यांत संपवायच्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत पाथर्डीच्या रस्त्यावर बंद गाडीत ठेवलेल्या डबीचे तापमान काय होत असेल, याची कल्पना त्या भागात राहणाऱ्याला वेगळी द्यायला नको. म्हणून शिबिरांचे महिने आणि डबी कशात नेली, हे लिहिणे गरजेचे ठरते. थंड पेटीत नेली असेल तर एका ओळीत ते सांगून मोकळे व्हावे.

जुन्या साहली पद्धतीने तपासणी झाली असेल तर प्रश्न आणखी वाढतात. त्यात २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळतात, साधारण दहा मिनिटे थांबतात आणि मग थेंबथेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवतात. किती मिनिटे थांबले, उजेड कसा होता, रंग एकाच व्यक्तीने जुळवला की तिघांनी, यावर आकडा ठरतो. दहाऐवजी तीन मिनिटांत उरकले तर रंग पुरता चढत नाही आणि हिमोग्लोबिन कमी येते. घाईच्या शिबिरात हे सहज घडते.

पुढचा प्रश्न निकषांचा. ‘जागतिक आरोग्य संघटनेचे निकष’ हे शब्द भारदस्त वाटतात, पण ते निकष बदलत आले आहेत. १२ ते १९ वर्षांच्या, गरोदर नसलेल्या मुलींसाठी मर्यादा १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. ती जुन्या आणि नव्या सूचनांत सारखीच आहे. बदल झाला तो उंचीच्या हिशेबात. माणूस समुद्रसपाटीपासून जितका उंचावर राहतो, तितका हवेतला प्राणवायू विरळ होतो आणि शरीर थोडे जास्त हिमोग्लोबिन तयार करते. म्हणून उंचावर राहणाऱ्यांच्या आकड्यातून काही वजा करून मगच मर्यादेशी तुलना करतात. २०११ च्या सूचनांमध्ये ही वजाबाकी १,००० मीटरपासून सुरू होत होती. २०२४ च्या सूचनांनी ती ५०० मीटरपासून सुरू केली, आणि ५०० ते ९९९ मीटरसाठी ०.४ ग्रॅम वजा करायला सांगितले.

हा बदल आपल्या जिल्ह्याच्या थेट अंगावर येतो. अहिल्यानगर शहरच सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. अकोल्याच्या पश्चिमेकडची गावे त्याहून वर चढत जातात, तर गोदावरीकाठचा भाग बराच सखल आहे. समजा ७०० मीटर उंचीवरच्या गावातल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन १२.२ भरले. २०११ च्या हिशेबाने ती निरोगी. २०२४ च्या हिशेबाने १२.२ मधून ०.४ गेले, उरले ११.८, म्हणजे तिला रक्तक्षय आहे. मुलगी तीच, रक्त तेच, फक्त वर्ष बदलले. १२ ते १२.४ च्या पट्ट्यात अशा बऱ्याच मुली असतात, त्यामुळे अख्ख्या गावाची टक्केवारी सरकते. त्यातून कोणाला उपचाराच्या मात्रेत लोहाच्या गोळ्या द्यायच्या हे ठरते. दुरुस्तीत म्हणून तीन गोष्टी जायला हव्यात: निकष कोणत्या वर्षाचे, गावांची उंची कशी काढली, आणि वजाबाकी केली की नाही. शिवाय प्रत्येक मुलीचा मूळ, वजाबाकी न केलेला आकडा परिशिष्टात ठेवला, तर उद्या निकष पुन्हा बदलले तरी कोणालाही नव्याने हिशेब मांडता येईल.

जागेच्या नावाचीही एक गंमत आहे. प्रबंधात मुखपृष्ठावर अहिल्यानगर होते, नीतिमत्ता समितीच्या पत्रात अहमदनगर, आणि गावांच्या यादीत नुसतेच नगर. दूरच्या वाचकाला हे तीन वेगळे जिल्हे वाटू शकतात. एकदा दोन्ही नावे देऊन, तालुक्यांची नावे लिहिली की प्रश्न मिटतो.

यानंतर निवड. प्रकरणात लिहिले होते, ‘मुलींची निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली.’ यादृच्छिक म्हणजे यादी करून चिठ्ठ्या टाकल्या, की गावात शिरून समोर आलेल्या घरांपासून सुरुवात केली? संशोधनाच्या भाषेत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विचारल्यावर कळले, की अंगणवाडी आणि आशाताईंकडच्या नोंदींतून यादी केली आणि संगणकाने क्रमांक काढले. उत्तम. मग ते लिहायचे कशाला टाळले? ‘सगळ्यांना माहीत असतं ना’ असे उत्तर आले. पण मुख्य प्रश्न पुढे होता: यादीतली मुलगी घरी नसेल तर काय केले? पाथर्डीच्या काही वाड्यांवर शिबिरे डिसेंबर-जानेवारीत झाली. त्या दिवसांत ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांच्या फडावर असतात, आणि आईबापांबरोबर पोरीही जातात. घराला कुलूप. तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी घेतली गेली. म्हणजे सर्वांत कष्टाच्या घरातल्या मुली नेमक्या गळल्या आणि गावात मागे राहिलेल्या मोजल्या गेल्या. दुसऱ्या कोणी हाच अभ्यास जून महिन्यात केला तर त्याला वेगळे उत्तर मिळेल, आणि महिना लिहिलेला नसेल तर का वेगळे मिळाले हे त्याला उमगणार नाही. शिबिरांच्या तारखा, कुलूपबंद घरांना किती वेळा भेट दिली आणि किती मुली बदलून घेतल्या, हे तीन आकडे वहीत होते. ते प्रबंधात आले.

सगळेच मात्र लिहायचे नसते. मूळ मसुद्यात संगणक प्रणालीचे पाऊण पान कौतुक होते, खुर्चीचा प्रकार होता, कापसाच्या कंपनीचे नावही होते. ते कापले. कसोटी एकच लावली: ही गोष्ट दुसऱ्याने वेगळी केली तर आकडा बदलेल का? कापसाच्या कंपनीने बदलत नाही. मुलगी बसलेली होती की झोपलेली, याने थोडा बदलतो, कारण काही वेळ आडवे पडल्यावर रक्तात पाण्याचा अंश वाढतो आणि हिमोग्लोबिन किंचित उतरते. म्हणून खुर्चीचा प्रकार गेला, पण ‘किमान पाच मिनिटे बसवून’ हे शब्द राहिले. काही निर्णय मात्र अवघडच असतात. टोचणीची खोली लिहायची का? प्राध्यापिका म्हणाल्या, लिही, चार शब्दच आहेत.

दुरुस्तीनंतर पाथर्डीपुरता परिच्छेद मराठीत असा होतो: ‘मुलीला किमान पाच मिनिटे बसवून डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक स्पिरिटने पुसले व पूर्ण वाळू दिले. २ मिलिमीटर खोलीच्या, एकदाच वापरायच्या टोचणीने टोचले. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने टिपले. बोट न पिळता आलेल्या तिसऱ्या थेंबाने कुव्हेट एकाच वेळी पूर्ण भरली. बुडबुडा दिसल्यास ती टाकून नवी घेतली. मोजणी हिमोक्यू २०१ प्लस यंत्रावर लगेच केली. कुव्हेटच्या डब्या थंड पेटीत नेल्या व उघडल्याची तारीख डबीवर लिहिली. टोचणे व मोजणे ही दोन्ही कामे एकाच प्रशिक्षित आरोग्यसेविकेने केली. वाचन वजाबाकी न करता नोंदवले.’

परिच्छेद पूर्वीच्या वाक्यापेक्षा कितीतरी लांब झाला, पण प्रकरण दहा पानांचे काही झाले नाही. सव्वातीन पाने भरली. अकोल्याच्या शिरेतल्या रक्तासाठी तसाच वेगळा परिच्छेद लिहिला: कोणती नळी, गोठू नये म्हणून तिच्यात काय होते, प्रयोगशाळेपर्यंत किती तासांत पोचली, कोणत्या यंत्रावर तपासली. दोन तालुक्यांत दोन पद्धती का वापराव्या लागल्या, हे सुरुवातीलाच सरळ सांगितले. तुलनेचा मोठा दावा मागे घेतला आणि त्याजागी, पद्धतीतला फरक लक्षात घेऊन काय म्हणता येते तेवढेच ठेवले.

नवी पाने त्याच सहकाऱ्याकडे गेली. या वेळी एकच प्रश्न परत आला: ‘पहिले दोन थेंब टिपले, हे प्रत्येक शिबिरात झाले का?’ विद्यार्थिनीला खात्री नव्हती. तिने पाथर्डीच्या आरोग्यसेविकेला फोन लावला.

‘ताई, तुम्ही सुरुवातीपासून दोन थेंब पुसत होता ना?’

‘नाही हो मॅडम. पहिल्या चार शिबिरांना एकच पुसायचे मी. मग तुमचं ते ट्रेनिंग झालं, तेव्हापासून दोन.’

त्या चार शिबिरांच्या तारखा आणि त्यांतल्या मुलींची संख्या वहीतून काढली गेली. परिच्छेदाच्या शेवटी आणखी एक वाक्य आले, आणि तक्त्यात त्या मुलींच्या नावापुढच्या क्रमांकांवर एक छोटी खूण.